कमेंटला ऑटो-थँक्यू लावताय? या चुका टाळा

इन्स्टावर छोटा धंदा चालवणारे लोक कमेंटला आपोआप थँक्यू जाईल अशी सोय करतात, त्यात काही वाईट नाही, शंभर कमेंटना हाताने कोण उत्तरं देणार. पण लावतात कसं, तर दहा मिनिटात, आणि मग दिवसभर त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक कमेंटला थँक्यू. एका फराळवाल्या पेजवर ऐन दिवाळीत हे झालेलं मी स्वतः बघितलंय. एका बाईंनी लिहिलं, "चकल्या मऊ पडल्यात, फोनपण उचलत नाही तुम्ही." खाली लगेच उत्तर, "खूप खूप आभार 🙏 असंच प्रेम राहू द्या ❤️". बाई चिडल्या, "प्रेम कसलं, पैसे परत द्या!" तर बॉट म्हणतो, "मनापासून धन्यवाद, तुमच्यामुळेच आम्ही आहोत!" स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. पेजवाल्यांनी मला विचारलं की तक्रारीचे शब्द ब्लॉक करता येतील का. येतील, पण तक्रार करायच्या हजार तऱ्हा असतात, "वा, काय सर्व्हिस आहे!" यात कुठला शब्द ब्लॉक करणार?

म्हणून मी उलटं करतो. थँक्यू फक्त खात्री असेल तिथेच. कमेंट नुसती इमोजीची असेल, किंवा चार शब्दांच्या आत असून त्यात मस्त, भारी, सुंदर असलं काही असेल, आणि प्रश्नचिन्ह, "नाही", "किती", "कधी", "परत" यातलं काहीच नसेल, तरच बॉट बोलतो. बाकी सगळं माझ्यासाठी बाजूला पडतं. यादी दोन्ही लिप्यांत करा, कारण आपले लोक "nahi", "nai", "nahiye" असं मनाला येईल तसं टाइप करतात. एखादी चांगली कमेंट चाळणीत अडकली तर अडकू दे, अर्धा दिवस उत्तर नाही मिळालं म्हणून कोणी रुसत नाही.

दुसरी माझी चीड आणणारी गोष्ट म्हणजे "मी पाच वेगवेगळी वाक्यं रँडम लावलीत, तरी रिपीट का होतात?" अहो, रँडमचा अर्थच तो! पाचातून दरवेळी नव्याने एक उचललं तर लागोपाठ तेच यायची शक्यता पाचात एक असते, आणि एकाच पोस्टखाली ती सगळी उत्तरं एकाखाली एक दिसतात. पत्ते पिसून वाटतो तसं करायचं, गड्डी संपेपर्यंत तेच पान पुन्हा नाही. आणि प्रत्येक पोस्टची गड्डी वेगळी.

```python
import random

bag = {}
def next_reply(post_id):
    if not bag.get(post_id):
        bag[post_id] = random.sample(REPLIES, len(REPLIES))
    return bag[post_id].pop()
```

वाक्यं कमीत कमी पंधरा-वीस ठेवा, आणि लांबी कमीजास्त असू द्या. "थँक्यू!" एवढंच एखादं असलं तर उलट खरं वाटतं. वीसच्या वीस वाक्यांत "मनापासून" असेल तर ती वीस नाहीत, एकच आहे.

नावं घुसवू नका. कमेंट आली की इन्स्टा तुमच्या सर्व्हरला जी सूचना पाठवतं, त्या वेबहुकमध्ये `username` येतं, खरं नाव नाही, त्यामुळे "धन्यवाद khavayya_2391 जी" असलं विनोदी काहीतरी तयार होतं. ताई-दादाचा अंदाज तर बांधूच नका, "तुम्ही" वापरा, "आलात", "लिहिलंत" दोघांनाही चालतं.

दोन सेकंदात उत्तर गेलं की लोकांना कळतंच. मी दहा ते चाळीस मिनिटं कधीही थांबवतो, आणि रात्री अकरानंतर काही पाठवतच नाही. डीएमने थँक्यू पाठवणार असाल तरी घाई नाही, कमेंटवरून एक प्रायव्हेट रिप्लाय सात दिवसांत कधीही पाठवता येतो. एकच हं, समोरच्याने उत्तर दिलं तरच पुढे बोलता येतं, म्हणून त्या एकात कुपन कोड आणि तीन लिंका कोंबणाऱ्यांपुढे हात जोडतो.

बॉट स्वतःलाच थँक्यू म्हणत सुटला तर समजा की तुमचं स्वतःचं उत्तरही वेबहुकमधून कमेंट म्हणूनच परत येतंय, `from` मधला आयडी तुमचा असेल तर तिथेच सोडून द्या. एकाच कमेंटला दोनदा थँक्यू जात असेल तर बहुतेक तुमचा सर्व्हर `200`, म्हणजे "मिळालं" अशी पोच, वेळेत परत देत नाहीये, म्हणून तीच सूचना पुन्हा येते. आधी `200` द्या, काम नंतर करा, आणि उत्तर दिलेल्या कमेंटचे आयडी साठवून ठेवा.

राहिले नवे फॉलोअर. प्रत्येकाला डीएम पाठवून देतो म्हणणारं टूल तुमचा इन्स्टाचा पासवर्ड मागत असेल तर तिथूनच परत फिरा, अकाउंटवर अॅक्शन ब्लॉक लागला की मग माझ्याकडे यायचं नाही. मी फॉलोअरना वेगळं थँक्यू पाठवतच नाही. आठवड्यातून एकदा स्टोरीत "या आठवड्यात नवीन आलेल्यांनो, काय बघायला आवडेल?" असं विचारतो आणि जे उत्तर देतात त्यांच्याशी हाताने टाइप करून बोलतो.