मराठी प्रबंधाचा साम्य अहवाल: 2% आले तर आधी फाइल तपासा

प्रबंध सादर करण्यापूर्वी त्यातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो याची सॉफ्टवेअरने साम्य तपासणी करून घ्यावी लागते. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांनुसार 10% पर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40% मध्ये सुधारित प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यावा लागतो, 40 ते 60% मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही आणि 60% च्या वर नोंदणीच रद्द होते. त्यामुळे 2% चा अहवाल हातात पडला की विद्यार्थी निश्चिंत होतो. देवनागरी प्रबंधात मात्र फार कमी आकडा हे फाइल बिघडल्याचेही लक्षण असू शकते.

सॉफ्टवेअर पान पाहत नाही, पानामागचा मजकूर वाचते. प्रबंध कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये `ejkBh` असते. अशा अक्षरांशी जुळणारे दुसरीकडे काही सापडणार कसे? स्कॅन केलेल्या पानांमागे तर मजकूरच नसतो.

युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइलही पीडीएफ करताना बिघडू शकते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. कसोटी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा आणि मोठ्याने वाचून पाहा. तिथे अडखळलात तर सॉफ्टवेअरही अडखळणार. शक्य असेल तिथे तपासणीसाठी पीडीएफऐवजी वर्ड फाइल द्या.

जुन्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना मजकुरातले रोमन शब्द आधी वेगळे काढा. सरसकट रूपांतर केले की `data` चे ‘कंजं’ होते.

यानंतरची अडचण मराठीत नेहमीची आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण कोड वेगळे:

```
U+0931 U+094D           (ऱ + हलन्त)
U+0930 U+094D U+200D    (र + हलन्त + अदृश्य जोडचिन्ह)
```

युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने हे दोन एक होत नाहीत. अदृश्य जोडचिन्ह काढून टाकले तरी दुसरा प्रकार ‘शेतकर्यांच्या’ असा रफाराचा होतो, म्हणजे पुन्हा वेगळाच. जुळणी सलग शब्दांच्या साखळीवर चालते. कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधात हा शब्द ओळीआड येतो, त्यामुळे मूळ लेखात एक प्रकार आणि तुमच्याकडे दुसरा असेल, तर नऊ शब्दांचे जसेच्या तसे वाक्यही मध्येच तुटते आणि जुळणी हुकते. ‘कर्मचाऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांचीही हीच गत. तपासणीला द्यायच्या मजकुरावर पायथनची एक ओळ चालवली की सगळे एकाच रूपात येते:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

हे तुमच्या बाजूचे झाले. समोरच्या संग्रहातला मजकूर ज्या रूपात असेल त्या रूपात राहतो. सॉफ्टवेअरने स्वतः दोन्ही बाजू एकरूप केल्या तरच हा प्रश्न खरा सुटतो.

उलट बाजूने आकडा फुगतोही. समजा, संतसाहित्यावरचा प्रबंध 50,000 शब्दांचा आहे. त्यात 4,000 शब्दांच्या ओव्या आणि अभंग आहेत, 2,500 शब्दांची संदर्भसूची आहे. नियमाने संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश वगळायचे असतात. पण आपण ओव्या अवतरणचिन्हांशिवाय, समास सोडून छापतो आणि सूचीवर ‘संदर्भग्रंथ’ असे शीर्षक देतो. सॉफ्टवेअर हे दोन्ही ओळखेलच असे नाही. ओव्या 8% आणि सूची 5%, म्हणजे दुसऱ्याचे एकही वाक्य चोरलेले नसताना 13%! अशा वेळी ओव्यांना दुहेरी अवतरणचिन्हे द्या, सूची वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि ग्रंथालयाकडून पुन्हा अहवाल मागा. आकडा कमी करायला अभंगाचे शब्द बदलणे हा शुद्ध वेडेपणा आहे, पण तेही केले जाते.

फाइल निर्दोष असली तरी दोन गोष्टी सुटतातच. छापील मराठी ग्रंथ, गौरवग्रंथ आणि नियतकालिकांचे जुने अंक डिजिटल मजकूर म्हणून उपलब्ध नसतील, तर त्यांच्याशी तुलनाच होत नाही. शोधगंगेवर प्रबंध आहे म्हणजे तो शोधता येण्याजोगा आहे असेही नाही, त्याची पाने स्कॅन केलेली असू शकतात. दुसरे म्हणजे इंग्रजी किंवा हिंदीतून केलेले भाषांतर. शब्द जुळवणाऱ्या तपासणीला ते नवे लेखनच वाटते. ते ओळखायला विषय जाणणारा मार्गदर्शकच लागतो, आणि तोही सैद्धांतिक प्रकरणातली वाक्यरचना अचानक परकी झाली की थांबून मूळ ग्रंथ उघडणारा.