भरताच्या फोडणीला लोणी नको

लोण्यात पाणी आणि दुधाचे कण असतात. साधारण 150 अंशांपुढे ते कण करपतात. कढईच्या तळाशी तपकिरी ठिपके दिसले, की भरीत कडवट झालंच समजा. तूप कढवताना हेच कण बेरी होऊन गाळणीत राहतात, म्हणून तूप 230 अंशांपुढेही टिकतं. तरी फोडणी शेंगदाणा तेलाचीच घाला. त्यात संपृक्त चरबी जेमतेम पाचवा हिस्सा, तुपात साठ टक्क्यांच्या वर. बैठं काम असेल तर तेल-तूप-लोणी मिळून माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे पाचेक छोटे चमचे. त्यातला एक तुपाचा, गरम कळण्याच्या भाकरीवर. आणि हो, शेवभाजीवरची तर्रीही यातच मोजायची!