स्वतः बनवलेली प्रश्नावली तपासायची कशी? तज्ज्ञ, पायलट आणि अल्फा, एका बडोद्याच्या उदाहरणासकट

माझी भाची एम.एड. करतेय, विषय घेतलाय "बडोद्यातल्या मराठी घरांत मुलांचा मराठीचा वापर आणि आपुलकी". तयार प्रश्नावली मिळाली नाही म्हणून तिने रात्री बसून 18 प्रश्न स्वतःच लिहिले आणि दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात वाटायलाही निघाली होती, मी दारातच अडवलं. कारण पुढे व्हायवात पहिला प्रश्न हाच येतो की ही प्रश्नावली जे मोजते म्हणतेस तेच मोजते कशावरून, आणि तेव्हा "सरांना दाखवली होती" हे उत्तर चालत नाही. मग पुढचे दोन महिने आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो, आकडे तिच्याच वहीतले आहेत.

पहिली पायरी : काय मोजायचंय ते चार ओळींत लिहा

हे लोक सोडून देतात आणि मग तज्ज्ञांना काय तपासायचं तेच कळत नाही. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक वापर, म्हणजे घरात मराठी किती वेळा बोलली-वाचली जाते (कधीच नाही ते नेहमी, 1 ते 5). दुसरी आपुलकी, म्हणजे मराठी टिकावी असं किती वाटतं (अजिबात पटत नाही ते पूर्ण पटतं, 1 ते 5). या दोन्ही वेगळ्या आहेत, मराठीवर जीव असलेल्या घरातही दिवसभर गुजरातीच चालते हे आपल्या बडोद्यात कोणालाही माहीत आहे. म्हणून शेवटपर्यंत दोन भाग, दोन हिशोब.

दुसरी पायरी : तज्ज्ञ

आम्ही सहा जण घेतले: दोन मराठीचे शिक्षक, एक भाषाशास्त्रवाले, एक समाजशास्त्राच्या मॅडम, एक संख्याशास्त्राचे सर, आणि एक काका जे चाळीस वर्षं गणेश मंडळ चालवताहेत. काकांकडे डिग्री नाही, पण घराघरांत काय चालतं ते त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक? गाइडला या सहांत घेऊ नका, त्यांनी प्रश्न आधीच पाहिलेले असतात.

प्रत्येकाला वेगवेगळा कागद द्यायचा, एकत्र बसवायचं नाही, नाहीतर सगळ्यात सीनियर सर बोलले की बाकीचे मान डोलावतात. कागदावर वर ती चार ओळींची व्याख्या, खाली प्रत्येक प्रश्न, त्यापुढे 1 ते 4 गुण (1 म्हणजे विषयाशी संबंध नाही, 4 म्हणजे अगदी नेमका) आणि शेऱ्यासाठी मोकळी जागा. शेऱ्याची जागा मोठी ठेवा, खरं सोनं तिथेच असतं.

हिशोब सोपा आहे. 3 किंवा 4 देणारे किती ते मोजायचे आणि एकूण तज्ज्ञांनी भागायचं, याला I-CVI म्हणतात. मेरी लिन यांनी 1986 मध्ये याचे निकष मांडले: तज्ज्ञ पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत हवं, सहा असतील तर एखादा नाही म्हणाला तरी चालतं, म्हणजे 5/6, 0.83. सहावे काका घेतले त्याचं हेही एक कारण होतं, खोटं कशाला बोला.

18 पैकी 12 प्रश्नांना सहाच्या सहा मिळाले, तीन प्रश्नांना पाच. तीन मात्र घसरले, आणि का घसरले ते बघण्यासारखं आहे.

"आम्ही मराठी नाटक बघायला जातो" याला चारच मिळाले. समाजशास्त्राच्या मॅडमनी लिहिलं की नाटक गावात आलं तर आणि तिकिटाचे पैसे असले तर माणूस जाणार, यातून मराठीचा वापर कळत नाही. "बडोद्यात मराठी शाळा पुरेशा आहेत" याला तीन, कारण तो घराबद्दल नाहीच. हे दोन्ही काढले. तिसरा होता "मुलं घरात मराठी बोलतात आणि वाचतात", यालाही तीनच. एका प्रश्नात दोन प्रश्न झाले ना, मूल फाडफाड बोलतं पण वाचायला दिलं तर अडखळतं, त्याच्या आईने टिक कुठे करायची? वाचनाचा वेगळा प्रश्न होताच, म्हणून इथे फक्त "बोलतात" ठेवलं आणि तेवढा एक प्रश्न सहांकडे परत पाठवला, या वेळी पाच मिळाले.

राहिले 16, वापराचे 9 आणि आपुलकीचे 7. सगळ्या I-CVI ची सरासरी, म्हणजे S-CVI/Ave, आली 0.96. साधारण 0.90 च्या वर असली की लोक ठीक मानतात. सरासरी फक्त उरलेल्या प्रश्नांची आहे आणि आधी दोन गाळलेत हे लिहायला विसरू नका, नाहीतर आकडा उगाच फुगलेला दिसतो.

तिसरी पायरी : पाच-सहा जणांना मोठ्याने वाचायला लावा

पायलटच्या, म्हणजे थोड्या घरांत फॉर्म भरून घेऊन बघण्याच्या, आधी हे कराच, एक दुपार लागते फक्त. माणूस प्रश्न मोठ्याने वाचतो, त्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत सांगतो, तुम्ही मधे बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

एक प्रश्न होता "मुलं मराठीत बोलायला राजी असतात". सहाही तज्ज्ञांनी पास केलेला. रावपुऱ्यातल्या एका काकूंनी वाचला आणि म्हणाल्या, "हो, खूश असतात ना, आजीशी बोलताना तर फारच." गुजरातीत राजी म्हणजे खूश! मराठीत राजी म्हणजे तयार. आमचे तज्ज्ञ सगळे मराठीतून विचार करणारे, त्यांना ते दिसलंच नाही. मग "तयार असतात" केलं. दुसरी गोष्ट, दोन आजी-आजोबांनी मुलांचे प्रश्न कोरे सोडले कारण घरात लहान मूलच नाही, तेव्हा ठरलं की 6 ते 15 वर्षांचं मूल असलेल्या घरांनाच फॉर्म द्यायचा.

चौथी पायरी : पायलट

32 घरं. तिचा पहिला विचार होता मंडळातल्याच ओळखीच्या घरांत वाटून टाकू, पण ती सगळी कट्टर मराठी घरं, सगळे एकाच बाजूला टिक करणार. म्हणून निम्मी मंडळातली आणि निम्मी मांजलपूर-अकोट्याच्या सोसायट्यांमधली घेतली, जशी खऱ्या अभ्यासात असतील तशी. ही 32 घरं खऱ्या अभ्यासात पुन्हा घ्यायची नाहीत, कारण पायलटनंतर प्रश्न बदलतात.

डेटा एक्सेलमध्ये असा भरा: एका ओळीत एक घर, आपुलकीचे 7 प्रश्न B ते H मध्ये, बेरीज I मध्ये. 35 व्या ओळीत प्रत्येक प्रश्नाचा व्हेरियन्स, म्हणजे उत्तरं किती पसरलीत तो आकडा. मग क्रोनबाखचा अल्फा (ली क्रोनबाख, 1951), म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, एवढाच आहे:

```
B35:  =VAR.S(B2:B33)     H पर्यंत ओढा
अल्फा: =(7/6)*(1-SUM(B35:H35)/VAR.S(I2:I33))
```

एसपीएसएस असेल तर Analyze > Scale > Reliability Analysis, आणि Statistics मध्ये Scale if item deleted वर टिक करा, ती टिक नसेल तर अर्धी माहितीच मिळत नाही.

आपुलकीचा अल्फा आला 0.55. भाचीचा चेहरा पडला. 0.70 च्या खाली म्हणजे गाइड परत पाठवणार. तिने टेबलमध्ये पाहिलं की D मधला प्रश्न काढला तर 0.76 होतो, आणि म्हणाली, "मामा, काढून टाकते, प्रश्न मिटला."

थांबवलं. तो प्रश्न होता "पुढच्या पिढीला मराठी आली नाही तरी काही बिघडत नाही". उलटा प्रश्न आहे, इथे 5 देणाऱ्याची आपुलकी सगळ्यात कमी, पण तिने आकडे सरळच भरले होते. हे कसं ओळखायचं? तो प्रश्न आणि बाकी सहांची बेरीज यांचा संबंध काढायचा, J मध्ये `=I2-D2` भरून 33 व्या ओळीपर्यंत ओढायचं आणि मग `=CORREL(D2:D33,J2:J33)`. उत्तर ठसठशीत उणे आलं तर बहुतेक वेळा प्रश्न वाईट नसतो, उलटवायचा राहिलेला असतो. मोकळ्या कॉलममध्ये `=6-D2` करून ते आकडे D वर व्हॅल्यू म्हणून पेस्ट केले, अल्फा झाला 0.79. काढला असता तर 0.76 वर खूश झाली असती आणि एक चांगला प्रश्न गेला असता, वर सगळे प्रश्न एकाच दिशेचे उरले असते, म्हणजे न वाचता 5-5-5 करणारा पकडताच आला नसता.

वापराच्या भागात वेगळंच झालं. "गणपतीत आरती मराठीत म्हणतो" या प्रश्नाला सहाच्या सहा तज्ज्ञ होते, पण 32 पैकी 31 घरांनी 5 दिला आणि एकाने 4. सोसायटीवाल्यांनीसुद्धा. बाकी बेरजेशी संबंध 0.08. प्रश्न विषयाला धरून आहे, खरा आहे, पण सगळे एकच उत्तर देत असतील तर घराघरांतला फरक त्यातून दिसणार कसा? तो काढला, 8 प्रश्नांचा अल्फा 0.82. काकांना वाईट वाटलं, म्हणाले आरतीच काढली होय रे तुम्ही.

अल्फा 0.95 च्या वर गेला तरी आनंदू नका, बहुतेक तोच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारलेला असतो.

पाचवी पायरी : मेथड्समध्ये लिहिणं

"प्रश्नावली तज्ज्ञांकडून प्रमाणित करून घेतली व तिची विश्वसनीयता 0.81 आढळली" असं एक वाक्य हमखास दिसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. किती तज्ज्ञ, कोण, किती प्रश्न गेले, 0.81 कोणत्या भागाचा? सगळ्या प्रश्नांचा मिळून एक अल्फा तर देऊच नका, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या तरी प्रश्न जास्त असले की तो चांगला दिसतो. आणि अल्फा चांगला म्हणून प्रश्नावली वैध हेही लिहू नका, प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो.

तिचा परिच्छेद शेवटी असा झाला:

"संशोधिकेने 18 विधानांची प्रश्नावली तयार केली. सहा तज्ज्ञांनी (मराठी अध्यापन 2, भाषाशास्त्र 1, समाजशास्त्र 1, संख्याशास्त्र 1, समाजातील कार्यकर्ते 1) प्रत्येक विधानाची समर्पकता चार गुणांच्या श्रेणीवर स्वतंत्रपणे तपासली. I-CVI 0.83 पेक्षा कमी असलेली दोन विधाने वगळली, एक सुधारून पुन्हा तपासले. उरलेल्या 16 विधानांचा S-CVI/Ave 0.96 होता. सहा व्यक्तींच्या मुलाखतींतून शब्दरचना सुधारून 32 कुटुंबांत पूर्वचाचणी घेतली, ही कुटुंबे मुख्य अभ्यासात नाहीत. एका विधानाची उत्तरे जवळजवळ एकसारखी आल्याने ते वगळले. नकारात्मक विधान उलट गुणांकित करून क्रोनबाख अल्फा वापरासाठी (8 विधाने) 0.82 व आपुलकीसाठी (7 विधाने) 0.79 (95% विश्वासांतर 0.65 ते 0.89) मिळाला."

विश्वासांतर म्हणजे खरा अल्फा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती पट्टी; वापराच्या भागाचंही असंच द्यायचं, इथे एकच दाखवलंय. ते एवढं रुंद दिसतं कारण घरं 32 च आहेत, आणि लपवण्यापेक्षा लिहिलेलं बरं. शिवाय ज्या 32 घरांवरून प्रश्न काढला त्यांच्यावरच अल्फा काढला की तो थोडा चढाच येतो, म्हणून मुख्य अभ्यासाच्या 200 घरांचे फॉर्म आले की दोन्ही भागांचा अल्फा परत काढून निकालाच्या सुरुवातीला द्यायचा, कमी आला तरी. प्रश्नावली परिशिष्टात पूर्ण जोडा, उलट्या विधानापुढे खूण करून. आरतीचा प्रश्न आम्ही फेकला नाही, तो पहिल्या पानावर वय, शिक्षण, मूळ गाव यांच्या खाली माहिती म्हणून ठेवलाय, बेरजेत घेत नाही, आणि काका आता बोलतात.