कमाल शक्ती, निम्मी कार्यक्षमता : भार जुळवताना या चुका टाळा

ठाण्यातील एका पदविका महाविद्यालयाच्या विद्युत प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे कमाल शक्ती हस्तांतरणाचा प्रयोग घेत आलो आहे. बहुतेक विद्यार्थ्यांना सिद्धान्त तोंडपाठ असतो. भाराचा रोध स्रोताच्या अंतर्गत रोधाइतका असला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते आणि त्या वेळी कार्यक्षमता ५० टक्के असते, हे कोणीही सांगतो. अडचण येते ती हे विधान प्रत्यक्ष जोडणीत वापरायची वेळ आली की. मागच्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण या विषयातील सर्वांत महाग पडणारी चूक त्यातच आहे.

वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यात प्रशिक्षणाला गेलेला आमचा एक विद्यार्थी शनिवारी मला भेटायला आला. तिथल्या एका नियंत्रण पॅनेलमध्ये दमटपणामुळे पाणी धरू नये म्हणून २४ व्होल्टचा, ७२ वॅटचा छोटा हीटर बसवला होता, पण त्याला हवी तेवढी ऊब येत नव्हती. वीजपुरवठा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तिथून हीटरपर्यंत अर्धा चौरस मिलिमीटरची, सुमारे २७ मीटर लांब दोन तारांची केबल ओढलेली होती. त्याने मोजमाप बरोबर केले होते. जाऊन येऊन केबलचा रोध साधारण २ ओहम आणि हीटरचा रोध ८ ओहम. पुरवठ्याचा स्वतःचा अंतर्गत रोध नगण्य असल्यामुळे हीटरच्या दृष्टीने स्रोताचा रोध म्हणजे ही केबलच होती.

“सर, भार ८ ओहम आहे आणि स्रोत २ ओहम, म्हणजे जुळणी नाही. म्हणून मी ६ ओहमचा रोधक केबलला एकसरीत जोडला. तर हीटर आणखी गार पडला.”

“अरे, सिद्धान्तात बदलायचा असतो भार. तू स्रोत बदललास.”

त्याच्या वहीच्या कोऱ्या पानावर आम्ही आकडे मांडले. मूळ जोडणीत एकूण रोध १० ओहम, म्हणून प्रवाह २.४ अँपिअर. हीटरला ४६ वॅट मिळत होते, केबलमध्ये ११.५ वॅट जात होते आणि कार्यक्षमता ८० टक्के होती. रोधक जोडल्यावर एकूण रोध १६ ओहम झाला, प्रवाह १.५ अँपिअरवर आला आणि हीटरला फक्त १८ वॅट मिळू लागले. केबल आणि रोधक मिळून तेवढेच १८ वॅट उष्णतेत घालवत होते. म्हणजे दोन्ही बाजू नेमक्या जुळल्या, कार्यक्षमता अगदी पुस्तकातल्यासारखी ५० टक्के झाली आणि काम मात्र निम्म्याहून कमी झाले.

सिद्धान्ताची पूर्वअट अशी आहे की स्रोताचे व्होल्टेज आणि स्रोताचा रोध ठरलेले असून आपल्या हातात नाहीत, फक्त भार बदलता येतो. ही अट उलटी केली, म्हणजे भार ठरलेला आणि स्रोताचा रोध बदलता येणारा असला, तर उत्तरही बदलते. मग स्रोताचा रोध जितका कमी तितकी भाराला जास्त शक्ती, आणि सर्वांत चांगला स्रोत शून्य रोधाचा. हीटर आहे तोच ठेवायचा असल्यामुळे इथे उपाय केबल जाड करण्याचा होता. अडीच चौरस मिलिमीटरची केबल घातली की रोध पाचव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे ०.४ ओहमवर येतो. प्रवाह २.८६ अँपिअर होतो, हीटरला ६५ वॅट मिळतात आणि कार्यक्षमता ९५ टक्के होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी केबल बदलली आणि तक्रार मिटली.

त्याचा पुढचा प्रश्न मला आवडला. केबल तीच ठेवून हीटरच २ ओहमचा लावला असता तर? तर सिद्धान्त खरा ठरला असता. प्रवाह ६ अँपिअर, हीटरला ७२ वॅट. या केबलमधून यापेक्षा जास्त शक्ती कोणत्याही हीटरला देता येणार नाही. पण तेवढेच ७२ वॅट त्या बारीक केबलमध्ये उष्णता होऊन उतरले असते, आणि तो पुरवठा ५ अँपिअरचाच असल्यामुळे अतिप्रवाहाचे संरक्षण लागून तो वारंवार बंद-चालू झाला असता. गणितातील कमाल बिंदूपर्यंत स्रोत पोचू शकतो का, हे सिद्धान्त पाहत नाही, ते जोडणी करणाऱ्यानेच पाहायचे असते.

निम्म्यालाच मर्यादा समजणे

दोन्ही रोध एकसरीत असल्यामुळे त्यांच्यातून एकच प्रवाह जातो, आणि रोध समान असले की उष्णताही समान वाटली जाते. ५० टक्क्यांचे मूळ एवढेच आहे. कार्यक्षमता म्हणजे भाराचा रोध भागिले एकूण रोध, त्यामुळे भाराचा रोध वाढवत गेलो तर ती १०० टक्क्यांच्या दिशेने वाढतच जाते आणि तिला मध्ये कुठे कमाल बिंदू नसतो. कमाल बिंदू असतो तो शक्तीला, कारण भाराचा रोध वाढला की भारावरचे व्होल्टेज वाढते पण प्रवाह घटतो, आणि या दोघांचा गुणाकार मध्येच कुठेतरी शिखर गाठतो.

या दोन गोष्टींची गल्लत विद्यार्थ्यांचीच होते असे नाही. हा सिद्धान्त मोरित्झ फॉन याकोबी यांच्या नावाने ओळखला जातो, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ असा लावला गेला की बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीची कार्यक्षमता निम्म्यापलीकडे जाऊच शकत नाही. १८८० च्या सुमारास एडिसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांच्या कामातून हा समज मोडला. जनित्राचा अंतर्गत रोध भारापेक्षा मुद्दाम खूप कमी ठेवला की जुळणी बिघडते आणि कार्यक्षमता वाढते. आपल्या घरची वीज याच तत्त्वावर येते. घरापर्यंतच्या वाहिनीचा रोध अर्धा ओहम धरला, तर जुळणीसाठी २३० व्होल्टवर २३० अँपिअर ओढावे लागतील आणि घरात व्होल्टेज ११५ उरेल. त्याच्या खूप आधी एमसीबी पडलेला असेल, आणि तो पडायलाच हवा.

शक्तीच्या आलेखाचे शिखर बरेच सपाट असते, हेही इथेच लक्षात घ्यावे. भार स्रोताच्या दुप्पट केला तर शक्ती कमाल मूल्याच्या ८९ टक्के राहते, पण कार्यक्षमता ५० वरून ६७ टक्क्यांवर जाते. चौपट केला तर शक्ती ६४ टक्के आणि कार्यक्षमता ८० टक्के. आमचा ८ ओहमचा हीटर नेमका या चौपटीच्या बिंदूवर होता, म्हणूनच ७२ पैकी ४६ वॅट मिळत होते. जिथे ऊर्जेचे पैसे मोजावे लागतात किंवा उष्णता बाहेर काढावी लागते, तिथे शिखराच्या उजवीकडे सरकून काम करणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते. नेमकी जुळणी शोभते ती अँटेनाकडून येणाऱ्या क्षीण संकेताला. तिथे वाया जाणारी ऊर्जा किरकोळ असते आणि मिळेल तो प्रत्येक अंश हवा असतो.

प्रयोगात शिखर न सापडणे

दर वर्षी काही गटांचे शिखर भलत्याच ठिकाणी येते. बहुतेकदा कारण रोधकाच्या वॅटमध्ये असते. १० व्होल्ट पुरवठा, स्रोताचा रोध म्हणून पाव वॅटचा १०० ओहमचा रोधक, आणि भाराची सुरुवात १० ओहमपासून, अशी मांडणी केली की त्या इवल्याशा रोधकावर ०.८ वॅटहून जास्त उष्णता पडते. त्याचे रंगपट्टे काळवंडतात, टेबलावर जळका वास येतो आणि त्याचा रोध पुढच्या वाचनांपर्यंत तोच राहीलच असे नाही. त्यात मल्टिमीटरच्या मिलिअँपिअर पट्ट्याचा स्वतःचा काही ओहमचा रोध भर घालतो. १०० ऐवजी १ किलोओहमचा रोधक घेतला की भाराची टोके थेट जोडली तरी ०.१ वॅटच पडतो आणि मीटरच्या रोधाचा परिणामही नगण्य होतो.

दुसरे कारण त्या सपाट शिखराचे. १ किलोओहमच्या मांडणीत कमाल शक्ती २५ मिलिवॅट येते, पण भार ९०० ओहम असला तरी शक्ती २४.९ मिलिवॅट भरते. एवढा फरक साध्या मीटरच्या चुकीत बुडून जातो, आणि मग विद्यार्थी जो आकडा योगायोगाने मोठा आला त्याला शिखर म्हणतात. त्यापेक्षा भार काढून खुल्या टोकांचे व्होल्टेज मोजावे आणि भारावरचे व्होल्टेज त्याच्या बरोबर निम्मे होईपर्यंत भार बदलावा. ९०० ओहमला व्होल्टेज ४.७४ असते आणि १००० ला ५.००. शक्तीत न दिसणारा फरक इथे ठळक दिसतो.

थेवेनिनच्या परिपथावरून कार्यक्षमता काढणे

थेवेनिनचा परिपथ म्हणजे पुरवठा आणि रोधकांच्या जाळ्याऐवजी एकच व्होल्टेज आणि त्याच्या एकसरीत एकच रोध मांडणे. त्यावरून होणारी ही चूक हुशार विद्यार्थ्यांकडून होते, म्हणून तिच्याकडे मी विशेष लक्ष देतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १०० ओहमचे दोन रोधक एकसरीत जोडले आणि खालच्या रोधकाच्या टोकांवरून भार घेतला, तर थेवेनिनचे व्होल्टेज ६ आणि रोध ५० ओहम येतो. भार ५० ओहमचा लावला की त्याच्यावर ३ व्होल्ट, प्रवाह ६० मिलिअँपिअर आणि शक्ती ०.१८ वॅट. शक्तीचे हे उत्तर बरोबर आहे. पण त्यापुढे ‘म्हणून कार्यक्षमता ५० टक्के’ असे लिहिले की उत्तर चुकते.

खऱ्या परिपथात भार आणि खालचा रोधक समांतर असल्यामुळे त्यांचा मिळून रोध ३३.३ ओहम होतो, वरचा धरून १३३.३ ओहम, आणि पुरवठ्यातून ९० मिलिअँपिअर निघतात. म्हणजे पुरवठा १.०८ वॅट देतो आणि भाराला त्यातले ०.१८ वॅटच मिळतात. कार्यक्षमता १६.७ टक्के. शिवाय भार काढून टाकला तरी हे दोन रोधक ०.७२ वॅट खातच राहतात, आणि थेवेनिनच्या परिपथात मात्र भार नसताना काहीच खर्च दिसत नाही. थेवेनिनचा समतुल्य परिपथ भाराच्या टोकांवर काय दिसेल एवढेच खरे सांगतो, आत कुठे किती उष्णता होते ते सांगत नाही. म्हणून ५० टक्के हा आकडा थेट तेव्हाच लिहावा, जेव्हा स्रोताचा रोध खरोखर एकच एकसरीतला रोध असतो. बाकी वेळी अँमीटर मूळ पुरवठ्याच्या तारेत घालावा आणि तिथून निघणारी शक्ती मोजून मगच भागाकार करावा.