पहिल्या पगाराचा हिशेब: 4 तास 45 मिनिटे म्हणजे 4.45 नव्हे

समजा, नुकतीच अठरा पूर्ण झालेला मुलगा कॉलेज सुटल्यावर दादरच्या एका दुकानात तासाला 80 रुपयांवर काम करतो. दुपारी 3:30 ते रात्री 8:45 दुकानात, मध्ये अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी. महिन्यात 22 दिवस भरले. पगार किती?

पहिली चूक सुट्टी वजा न करण्याची. 3:30 ते 8:45 म्हणजे सव्वापाच तास खरे, पण पैसे मिळतात पावणेपाचचेच. सुट्टी पगारी आहे की नाही, हे कामावर रुजू होतानाच विचारून घ्यायला सांगा. इथे दिवसाला 40 रुपयांचा फरक पडतो.

दुसरी चूक जास्त फसवी. मुलं कॅल्क्युलेटरवर 4 तास 45 मिनिटं सरळ 4.45 अशी दाबतात. तास 60 मिनिटांचा असतो, दशांश शंभराचा. म्हणून मिनिटांना आधी 60 ने भागायचं: 45 ÷ 60 = 0.75, म्हणजे 4.75 तास. आता

4.75 × 22 × 80 = 8,360 रुपये.

4.45 धरलं तर 7,832 येतात. 528 रुपये कुठे गेले ते कळतही नाही. घरात पाव, अर्धा, पाऊण बोलायची सवय असेल तर हे चटकन पटतं.

तिसरी चूक म्हणजे 8,360 हातात येणार असं धरून मोबाइलचा हप्ता ठरवणं. दुकानाची पीएफ आणि ईएसआयसी या कामगार विमा महामंडळाकडे नोंदणी असेल आणि सगळा पगार मूळ वेतनच असेल, तर पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,003 आणि ईएसआयसी 0.75 टक्के, म्हणजे 63 रुपये कापले जातात. पीएफचे पैसे त्याच्याच खात्यात जमतात, म्हणून यूएएन, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ क्रमांक, मागून घ्यायचा. शिवाय व्यवसाय कर, म्हणजे पीटी, 175 रुपये. हाती उरतात 7,119.

पीटी टक्क्यांवर नसतो, टप्प्यावर असतो. महाराष्ट्रात पुरुषांना महिना 7,500 पर्यंत तो शून्य, त्यापुढे 10,000 पर्यंत 175. त्यामुळे 93.5 तासांच्या 7,480 रुपयांवर पीटी नाही, पण 94 तास भरले की 7,520 मधून 175 जाऊन 7,345 उरतात. अर्धा तास जास्त राबून 135 कमी! मुलीला 25,000 पर्यंत पीटी लागतच नाही. तिच्या स्लिपवर 175 दिसले तर ते परत मागावेत.

महिन्याच्या मध्ये 1,000 ची उचल घेतली असेल तर तीही कपातीच्या रकान्यातच दिसते. ‘पगार कापला’ म्हणून मुलगा चिडण्याआधी वहीत उचलीची तारीख बघा. रोजची येण्या-जाण्याची वेळ त्याच वहीत, त्याच दिवशी लिहायची. महिनाअखेरीस आठवून लिहिलेले तास दुकानदार मान्य करत नाही.