ऑनलाइन परीक्षेसाठी हाय कॉन्ट्रास्ट मागताना: अर्जाआधीची आणि नंतरची तयारी

‘मला परीक्षेत हाय कॉन्ट्रास्ट स्क्रीन मिळावी’ एवढंच लिहून अर्ज दिला तर बहुतेक कॉलेजांत मंजुरी मिळते, पण परीक्षेच्या दिवशी सोय मिळेलच असं नाही. अर्जावर सही प्राचार्यांची होते आणि कॉम्प्युटरवर सेटिंग लावतो लॅब असिस्टंट, आणि त्याच्या हातात अर्ज पोचलेलाच नसतो. पोचला तरी कोणती सेटिंग, कोणत्या मशीनवर, केव्हा लावायची याचा त्यात उल्लेख नसतो. म्हणून सगळी तयारी या एका हेतूने करायची: अर्ज वाचून लॅबमधल्या माणसाला आणखी काही विचारावं लागू नये.

उदाहरणासाठी एस.वाय.बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी धरू. जन्मजात अल्बिनिझम आहे, चष्मा लावूनही दृष्टी ६/३६, आणि पांढऱ्या स्क्रीनचा झोत डोळ्यांना सहन होत नाही. पेपर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा आहे, बहुपर्यायी प्रश्नांचा. कॉलेजच्या लॅबमध्ये लॉक केलेल्या ब्राउझरवर तो द्यायचा आहे, म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर दुसरं काहीच उघडता येत नाही.

पहिली तयारी घरची, आणि ती अर्ज लिहिण्याआधीची. आपल्याला नेमकं काय चालतं ते शोधून काढा. काळ्यावर पांढरी अक्षरं प्रत्येकालाच सोयीची नसतात. अल्बिनिझम असलेल्या अनेकांना ती बरी वाटतात, कारण प्रकाश कमी होतो. पण केराटोकोनस किंवा जास्त अ‍ॅस्टिगमॅटिझम असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली, फुगलेली दिसू शकतात, आणि मग फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरंच बरी पडतात. Windows 11 मध्ये Settings > Accessibility > Contrast themes इथे चार तयार थीम आहेत: Aquatic, Desert, Dusk आणि Night sky. Desert ची पार्श्वभूमी फिकट आहे, Night sky ची काळी. एखादा जुना पेपर स्क्रीनवर उघडून सलग अर्धा-पाऊण तास सोडवून बघा. पाच मिनिटांत सगळंच बरं वाटतं. डोळे दुखायला लागतात ते नंतर. थीमचं नाव आणि ब्राउझरचा झूम किती टक्के ठेवला होता, दोन्ही लिहून ठेवा. कॉलेजच्या मशीनवर Windows 10 असेल तर नावं वेगळी दिसतील. तिथे Settings > Ease of Access > High contrast असा रस्ता आहे, म्हणून अर्जात दोन्ही नावं द्यावीत.

दुसरी सेटिंगही घरीच बघून घ्या, कारण पुढे तीच कामाला येण्याची शक्यता आहे: Settings > Accessibility > Color filters मधलं Inverted. थीम प्रत्येक प्रोग्रॅमला रंग बदलायला सांगते, तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. Inverted मात्र तयार झालेलं अख्खं चित्रच पडद्यावर उलटं करतं. हा फरक केमिस्ट्रीच्या पेपरला फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येतो.

आता कागद. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड असेल तर त्याची प्रत जोडाच, पण त्यावर टक्केवारी असते, प्रकाश सहन होतो की नाही हे नसतं. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडून वेगळं पत्र घ्या आणि काय लिहून हवं ते त्यांना सांगा. नुसतं ‘लो व्हिजन’ पुरत नाही. ‘पांढऱ्या प्रकाशमान पडद्याकडे सलग पाहिल्यास त्रास होतो, गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे व दीडपट मोठा मजकूर आवश्यक’ असं वाक्य परीक्षा विभागाला उपयोगी पडतं. प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खालचं आहे किंवा अजून हातात आलेलं नाही, म्हणून अर्जच करायचा नाही असं करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शिक्षण संस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी असं म्हटलं आहे. अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, हे कलम २ मधल्या व्याख्येत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात वाजवी सोय फक्त ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांपुरती बांधून ठेवता येत नाही असं स्पष्ट केलं. खटला लेखनिक मिळण्याबद्दलचा होता, पण तत्त्व इथेही लागू होतं. अर्जात कायद्याचं एक वाक्य पुरे. पानभर कलमं लिहिली तर वाचणारा मूळ मागणीपर्यंत पोचतच नाही.

अर्ज मा. प्राचार्यांच्या नावे, परीक्षा विभागामार्फत लिहावा. मधला मजकूर साधारण असा:

‘मला अल्बिनिझममुळे अल्पदृष्टी असून पांढऱ्या पडद्याचा प्रकाश सहन होत नाही. दि. ___ रोजी होणाऱ्या रसायनशास्त्राच्या ऑनलाइन परीक्षेसाठी माझ्या संगणकावर Windows मधील Color filters > Inverted ही सेटिंग व ब्राउझरमध्ये १५० टक्के झूम, परीक्षेची विंडो उघडण्यापूर्वी लावून मिळावा. सेटिंग योग्य चालते का हे पाहण्यासाठी परीक्षेच्या किमान आठ दिवस आधी त्याच संगणकावर सराव परीक्षा देण्याची परवानगी मिळावी. तशीच सेटिंग लावलेला एक राखीव संगणक ठेवावा. ही विनंती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार आहे. सोबत नेत्रतज्ज्ञांचे पत्र व प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. प्रत माहितीसाठी: संगणक विभाग.’

शेवटची ओळ विसरू नका, तिच्यामुळेच अर्ज लॅबपर्यंत जातो. जादा वेळ हवा असेल तर तो वेगळ्या अर्जात मागा. त्याचे नियम वेगळे, तो मंजूर करणारे बऱ्याचदा वेगळे, आणि एका मागणीवर शंका निघाली की दुसरीही त्याच फाइलमध्ये अडकते. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच ठेवा.

मंजुरी आली की लॅबमधली चाचणी. माझ्या मते यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं तेच टाळलं जातं. Windows मध्ये हाय कॉन्ट्रास्टचा शॉर्टकट Left Alt + Left Shift + Print Screen असा आहे. स्क्रीनशॉट घेता येऊ नये म्हणून लॉक केलेले बरेच ब्राउझर Print Screen हीच की बंद ठेवतात. त्यामुळे ‘पेपर सुरू झाल्यावर लावून देतो’ असं कोणी म्हणालं तर तेव्हा काहीच लागणार नाही. सेटिंग आधी लावायची आणि मग परीक्षेची विंडो उघडायची, हाच क्रम. दुसरं म्हणजे ही सेटिंग त्या-त्या लॉगिनपुरती राहते. चाचणीला तुम्ही ‘स्टुडंट’ लॉगिन वापरलं आणि परीक्षेला वेगळं लॉगिन दिलं, तर स्क्रीन पुन्हा पांढरी. काही लॅबमध्ये मशीन रीस्टार्ट केलं की सगळे बदल पुसले जातील अशी व्यवस्था असते. म्हणून चाचणी परीक्षेच्याच लॉगिनने, आणि मध्ये एकदा रीस्टार्ट करून घ्या.

चाचणीत मजकुरापेक्षा आकृत्यांकडे बघा. आपल्या विद्यार्थिनीने आधी Night sky लावून बघितली असं समजू. प्रश्न सुरेख दिसतात: काळ्यावर पांढरे. ‘खालीलपैकी कोणते संयुग…’ हेही वाचता येतं, पण खालचे चारही पर्याय रिकामे. बेंझिनच्या कड्या काळ्या रेषांनी काढलेल्या, चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक. थीमने मागचं पान काळं केलं, पण चित्राला हात लावला नाही. काळ्यावर काळं. तोच घोटाळा प्रश्नांच्या क्रमांकांच्या पट्टीत: सोडवलेले हिरवे, राहिलेले लाल असे चौकोन असतात, त्यांचे पार्श्वरंग थीम काढून टाकते, आणि सगळे चौकोन सारखेच दिसतात. कोणता प्रश्न राहिला ते कळत नाही. Moodle वर परीक्षा असेल तर शेवटच्या पानावर Answer saved किंवा Not yet answered असं शब्दांत येतं, तेवढा आधार मिळतो.

आता तीच प्रश्नपत्रिका Inverted लावून. पांढरं पान आणि त्यावरची काळी कडी दोन्ही एकदमच उलटतात, त्यामुळे काळ्या पानावर पांढरी कडी स्पष्ट दिसते. पट्टीतले रंग बदलतात, पण वेगळे राहतात. म्हणूनच वरच्या अर्जात Inverted आहे. याची मर्यादा रंगाच्या प्रश्नात येते. निर्देशकाचा रंग दाखवणारा फोटो असेल तर लाल द्रावण निळसर हिरवं दिसेल, आणि उत्तर चुकेल ते डोळ्यांमुळे नाही, सेटिंगमुळे. अशा प्रश्नात रंगाचं नाव शब्दांतही लिहावं, अशी विनंती विषयाच्या सरांना किंवा मॅडमना चाचणीनंतर लेखी द्या. उलट ज्यांच्या पेपरात आकृत्या कमी आणि रंगीत फोटो जास्त, त्यांनी थीमच मागावी, आणि रेघांच्या आकृत्यांना पांढरी पार्श्वभूमी देऊन घ्यावी. शिक्षकांना ते काम एकदाच करावं लागतं.

चाचणीचा पुरावा ठेवायचा तर पर्यवेक्षकांच्या परवानगीने सराव पेपरच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. Color filters चा परिणाम स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. त्यात पान पांढरंच दिसतं. फोटोसोबत मशीनचा क्रमांक, लॉगिन, सेटिंग आणि झूम एका कागदावर लिहून लॅब असिस्टंटची सही घ्या.

परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. तो कागद आणि मंजुरीची प्रत हॉल तिकिटासोबत ठेवा. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत नाही ना ते बघा, मॉनिटरचा ब्राइटनेस त्याच्या बटणाने कमी करून घ्या, मग सेटिंग आणि मगच विंडो. मध्येच मशीन बंद पडलं तर वेळ लगेच पर्यवेक्षकांच्या नोंदवहीत लिहायला लावा आणि राखीव मशीनवर जा. सेटिंग मिळालीच नाही तर पेपर सोडून उठू नका. पर्यवेक्षकांकडून तशी नोंद करून घ्या आणि त्याच दिवशी, ऑफिस बंद होण्याआधी, पोच असलेल्या मूळ अर्जाचा आवक क्रमांक देऊन प्राचार्यांना लेखी कळवा.