डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी जुन्या सरांकडे शिफारसपत्र कसं मागावं

कॉलेज सोडून तीन-चार वर्षं झाली की सरांना तुमचा चेहरा आठवतो, पण काम आठवत नाही. मग पत्रात ‘मेहनती, शिस्तप्रिय, विषयात चांगले गुण’ एवढंच उतरतं. गुण तर प्रवेश समितीला गुणपत्रिकेतही दिसतात. म्हणून पत्र मागताना तुमचं खरं काम आहे सरांची आठवण ताजी करून देणं.

आधी कोणाला विचारायचं ते ठरवा. गणित, संख्याशास्त्र किंवा मशीन लर्निंग शिकवलेले आणि तुमचा प्रोजेक्ट जवळून पाहिलेले सर किंवा मॅडम सर्वांत उपयोगाचे. विभागप्रमुखांचं पद मोठं असतं, पण त्यांनी तुमचं काम पाहिलंच नसेल तर त्यांच्याकडे लिहायला काहीच नसतं.

शेवटच्या तारखेच्या निदान सहा आठवडे आधी विचारा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत असतात, म्हणजे ऑक्टोबरमध्येच मेल जायला हवा. होकार येण्याआधी अर्जात सरांचं नाव टाकू नका. बऱ्याच पोर्टलवरून त्यांना आपोआप लिंक जाते, आणि न विचारता आलेली अशी लिंक कोणालाही खटकते.

पहिला मेल छोटा ठेवा:

> आदरणीय सर,
> मी 2022 च्या बॅचचा विद्यार्थी. विजेच्या मागणीचा अंदाज बांधण्याचा आमचा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट तुमच्या मार्गदर्शनाखाली झाला होता. सध्या मी डेटा ॲनालिस्ट म्हणून काम करतो आणि परदेशात डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी चार विद्यापीठांत अर्ज करतोय. पहिली अंतिम तारीख 15 डिसेंबर आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत असेल, तर शिफारसपत्र द्याल का? वेळ नसेल किंवा जमणार नसेल तर निःसंकोच सांगा. होकार असेल तर सगळी माहिती एकत्र पाठवतो.

‘निःसंकोच सांगा’ हे वाक्य गाळू नका. भिडेखातर मिळालेलं कोमट पत्र नकारापेक्षा जास्त नुकसान करतं.

होकार आला की गुणपत्रिका, रेझ्युमे, विद्यापीठांची तारखांसह यादी आणि एक पानाचं टिपण पाठवा. सगळा जीव या टिपणात आहे. वरच्या विद्यार्थ्याने त्यात ‘पायथॉन येतं, टीमवर्क चांगलं’ असं लिहिलं तर सरांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी तो असं लिहू शकतो: ‘सुरुवातीला मॉडेलची चूक संशयास्पदरीत्या कमी येत होती. तुम्ही “डेटा कसा विभागलास?” असं विचारलंत. तपासल्यावर कळलं की मी नोंदी सरमिसळ करून विभागल्या होत्या, त्यामुळे पुढच्या दिवसांची माहिती प्रशिक्षणात शिरली होती. मग तारखेनुसार विभागणी केली. चूक वाढली, आणि अहवालात तोच आकडा दिला.’ हा डेटा लीकेजचा प्रसंग वाचला की सरांना तो दिवस आठवतो. समितीलाही कळतं की हा मुलगा चांगला दिसणारा आकडाही तपासून पाहतो. असे दोन प्रसंग पुरेत, पण ते सरांनी स्वतः पाहिलेले असावेत. नोकरीतलं काम त्यांनी पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्याचा उल्लेख एका ओळीत आटपा.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर बरेचदा येतं. तिथे नम्रपणे थांबा. पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहावं अशी अनेक विद्यापीठांची अट असते, आणि एकाच हाताने लिहिलेली दोन-तीन पत्रं शेजारी ठेवली की भाषेवरून ओळखू येतात. ‘सर, पत्र तुमच्याच शब्दांत हवं आहे, मी मुद्दे आणि तारखा देतो’ असं म्हणा. मुद्दे तुटक ठेवा, सलग परिच्छेद देऊ नका.

पोर्टलवर सरांचा कॉलेजचा अधिकृत ईमेल द्या. ते निवृत्त झाले असतील आणि तो पत्ता बंद असेल, तर कोणता पत्ता चालेल ते प्रवेश कार्यालयाला आधीच विचारून घ्या. अमेरिकेतल्या अर्जात ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ असा प्रश्न असतो. तिथे बहुतेक जण हक्क सोडतात, कारण गोपनीय पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो. नाव टाकल्यावर त्याच दिवशी सरांना कळवा की लिंक विद्यापीठाच्या पत्त्यावरून येईल, स्पॅममध्येही पाहा. फॉर्ममध्ये ‘वर्गातल्या वरच्या किती टक्क्यांत?’ असंही विचारतात, म्हणून तुमचा वर्गातला क्रमांक टिपणात असू द्या.

पत्र पोहोचलं की नाही ते तुमच्या अर्जाच्या पानावर दिसतं. दहा दिवस उरले असताना एक आठवण पाठवा, त्यात उरलेल्या विद्यापीठांची नावं आणि तारखाच असू द्या. तीन दिवस राहिले तर फोन करा. तरीही पत्र आलं नाही तर तुमचा अर्ज वेळेतच भरा आणि प्रवेश कार्यालयाला मेल करा. काही विद्यापीठं अर्ज वेळेत आलेला असेल तर शिफारसपत्र थोडं उशिरा आलं तरी स्वीकारतात.